समुद्रातला बटवा : पर्ससीन जाळं रात्री मासे कसे घेरतं?

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून माल उचलतात. कुणी पाटी घेऊन गल्लोगल्ली विकते, कुणाची खानावळ आहे, कुणाचा गट सुकी मासळी नि लोणचं करतो. सप्टेंबर लागला की बांगडा नि तारली ढिगानं येतात, भाव उतरतो. मग मध्येच चार दिवस बाजार रिकामा असतो. जानेवारीनंतर तर गणितच बदलतं. असं का होतं, हे विचारलं की व्यापारी एवढंच सांगतो, "ताई, पर्ससीनचा माल आला," नाहीतर "पर्ससीन बंद आहे."

हे पर्ससीन म्हणजे नेमकं काय, ते रात्री कसं चालतं, कुठे फसतं नि त्याचा आपल्या पाटीशी काय संबंध, हे या लेखात समजून घेऊ.

नाडीचा बटवा

आजीचा पान-सुपारीचा बटवा आठवा. तोंडाला नाडी ओवलेली असते. नाडी ओढली की तोंड मिटतं नि आतलं आत राहतं. पर्ससीन जाळं याच युक्तीवर चालतं. फरक इतकाच, की बटव्याची नाडी वर असते आणि या जाळ्याची नाडी खाली, पाण्याच्या पोटात असते.

जाळं म्हणजे एक लांबलचक पडदा. वरच्या दोराला तरंगणारे बोये बांधलेले असतात, म्हणून वरची कड पाण्यावर राहते. खालच्या दोराला शिशाची वजनं असतात, म्हणून खालची कड बुडत जाते. त्या खालच्या कडेला ठरावीक अंतरावर धातूच्या कड्या लटकवलेल्या असतात आणि सगळ्या कड्यांतून एकच जाड दोर ओवलेला असतो. हीच ती नाडी.

आकाराचा अंदाज येण्यासाठी एक हिशेब करू. समजा जाळं ६०० मीटर लांब नि ५० मीटर खोल आहे. आपल्याकडच्या बोटींवर याहून लहानही असतात, मोठीही असतात. ६०० मीटरच्या पडद्याचा गोल केला, तर आत जवळजवळ सात एकर पाणी येतं. म्हणजे सात एकराचं वावर आणि त्याभोवती सोळा मजली इमारतीएवढी भिंत, तीही पाण्याखाली.

रात्रच का?

पर्ससीन दिवसाही टाकतात. दिवसा तांडेल पाण्याचा रंग बघतो, पक्षी कुठे घिरट्या घालतात ते बघतो. पण बांगडा, तारली यांसारख्या थव्यानं फिरणाऱ्या माशांसाठी रात्र सोयीची. त्याची कारणं तीन.

पहिलं, हे मासे ज्या बारीक जीवांवर जगतात, ते जीव अंधार पडला की खोल पाण्यातून वर येतात. खाणं वर आलं की मासेही वर येतात. दुसरं, अंधारात माशाला जाळ्याचा पडदा दिसत नाही, त्यामुळे तो लवकर बिथरत नाही. तिसरं कारण मोठं गमतीचं आहे. समुद्राच्या पाण्यात असे काही सूक्ष्म जीव असतात, जे हलवले की निळसर-हिरवे चमकतात. काळोख्या रात्री थवा पोहत गेला की त्याच्या हालचालीनं पाणी चमकतं आणि तांडेलाला थव्याचा आकार नि दिशा वरूनच दिसते. आता बहुतेक मोठ्या बोटींवर आवाजाच्या लहरी सोडून मासे शोधणारं यंत्रही असतं, पण अनुभवी तांडेल डोळ्यांवरही तेवढाच भरवसा ठेवतो.

चांदण्या रात्री ही चमक दिसत नाही. म्हणून पंचांगात बघून ठरवावं लागतं. अमावास्येला काळोख सगळ्यात जास्त, पण त्याच सुमाराला उधाणाची भरती-ओहोटी असते आणि पाण्याला ओढ फार असते. ओढीत जाळं नीट उभं राहत नाही. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी मंद, ओढ कमी. त्यातही वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे अर्धी रात्र काळोख मिळतो. पौर्णिमेच्या दिवसांत मात्र चांदणंही नि ओढही. बाजारात चार दिवस माल भरपूर नि चार दिवस कमी, याच्यामागे असं चंद्राचंही गणित असतं.

एक घेरा, मिनिटामिनिटानं

आता एक घेरा डोळ्यांसमोर आणू. रात्रीचे अकरा वाजलेत. बोटीवर पंचवीस-तीस माणसं आहेत. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर कोकणातल्या पोरांबरोबर नेपाळहून आलेले खलाशीही असतात. थवा दिसला. तांडेल बोट थव्याच्या पुढच्या अंगाला नेतो, कारण मासे थांबून राहत नाहीत. ते कुठे जाणार, हे ओळखून पुढून आडवं जावं लागतं.

जाळ्याचं एक टोक घेऊन एक लहान होडी पाण्यात सोडतात. होडी तिथेच थांबते. मोठी बोट वेग घेऊन थव्याभोवती गोल फिरते नि फिरता फिरता मागून जाळं पाण्यात पडत जातं. ताशी नऊ किलोमीटरच्या वेगानं गेलं, तर ६०० मीटरचा फेरा पुरा व्हायला चार मिनिटं लागतात. बोट परत होडीपाशी येते, दुसरं टोक जुळतं, गोल पुरा होतो.

पण काम इथे संपत नाही, इथूनच खरी शर्यत सुरू होते. गोल पुरा झाला तरी तळ उघडाच आहे. शिशानं ओढली जाणारी खालची कड मिनिटाला साधारण सहा ते बारा मीटर बुडते. म्हणजे जे जाळं शेवटच्या मिनिटात पाण्यात पडलं, ते अजून वरच लोंबतंय. नेमकं बोटीच्या पोटाखाली दार उघडं आहे. थव्याला ते सापडलं, तर तो बघता बघता खालून निसटतो. म्हणून त्या बाजूनं खलाशी बोटीच्या फळ्या बडवतात, पाण्यात काहीबाही आपटतात, की मासे घाबरून आतच राहावेत.

तोवर यंत्रानं नाडी ओढायला घेतात. कड्या एकमेकींजवळ येतात, खालची कड गोळा होत जाते नि तळ मिटतो. याला पुढची दहा-वीस मिनिटं जातात. सगळ्या कड्या बोटीच्या कडेला वर आल्या की बटवा बंद झाला. मग जाळं एका बाजूनं ओढत ओढत लहान करतात. शेवटी मासे एका जाड विणीच्या कोपऱ्यात दाटतात आणि तिथून मोठ्या झोळीनं उपसून बोटीत घेतात. एका घेऱ्यात कधी काहीच येत नाही, कधी काही टन माल येतो.

जाळं कुठे फसतं?

पहिली मर्यादा खोलीची. पाणी उथळ असेल, तर जाळ्याची खालची कड तळाला लागते. खडक असला तर जाळं फाटतं. चिखल असला तर चिखलासकट तळाची मासळी, पिलावळ सगळं गोळा होतं. आणि मासे जाळ्याच्या खोलीपेक्षा खाली असले तर गोल कितीही मोठा घाला, हाती पाणीच.

दुसरी मर्यादा ओढीची. वरचं पाणी एका दिशेला नि खालचं दुसऱ्या दिशेला वाहत असलं, तर पडदा पिळतो. साडीचा काठ पिळला जावा तसा खालचा दोर गुंडाळतो, कड्या एकमेकींत अडकतात नि नाडी ओढलीच जात नाही. काळोखात हे सोडवायला तासन्‌तास जातात आणि थवा तर कधीच गेलेला असतो.

तिसरी मर्यादा जरा उलटी आहे : माल फार आला तर. माशांची दाटी झाली की पाण्यातला प्राणवायू पुरत नाही, मासे गुदमरून मरतात आणि तळाला बसतात. तोवर पोहणारं वजन आता सगळं जाळ्यावर येतं. बोयांची कड पाण्याखाली जाते नि जाळं ज्या बाजूला बांधलेलं असतं, त्या बाजूला बोट कलते. अशा वेळी जाणता तांडेल जाळ्याचं तोंड सैल करून किंवा जाळं कापून माल सोडून देतो. हाव केली तर बोट उलटण्याचा धोका असतो. सोडलेल्या माशांतलेही पुष्कळ वाचत नाहीत, कारण दाटीत त्यांची खवलं नि कातडी आधीच सोलवटलेली असते.

माणसांना धोका

नाडीचा दोर ताणलेला असताना त्याच्यावर प्रचंड जोर असतो. यंत्राच्या रिळात बोट किंवा बाही सापडली, की हात जातो. दोर तुटला तर चाबकासारखा फटका बसतो. पडत्या जाळ्याच्या वेटोळ्यात पाय अडकला, तर माणूस जाळ्याबरोबर पाण्यात जातो, नि काळोखात तो कुठे पडला ते दिसत नाही. लहान होडीतला खलाशी तर एकटाच असतो. त्याच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असलंच पाहिजे.

शिवाय जाळं टाकलेली बोट अर्धा-पाऊण तास जागची हलू शकत नाही. समोरून मोठं जहाज आलं तरी बाजूला होता येत नाही. म्हणून समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अशा बोटींसाठी एक वेगळी खूण ठेवली आहे : एकाखाली एक असे दोन पिवळे दिवे, आळीपाळीनं उघडझाप करणारे. अर्थ असा, की "मी जाळ्यानं बांधलेली आहे, मला हलता येत नाही."

वाद कशाचा आहे?

कोकणातले पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातला वाद तुम्ही ऐकला असेल. तो समजायला जाळ्याचा आस, म्हणजे विणीचं भोक, समजून घ्यावं लागतं.

साध्या जाळ्यात मासा भोकात डोकं घालतो नि कल्ल्यापाशी अडकतो. भोक मोठं असेल तर लहान मासा आरपार निघून जातो. म्हणजे ते जाळं आकार बघून निवड करतं. पर्ससीनमध्ये मासा भोकात अडकला तर उलट पंचाईत होते. हजारो मासे भिंतीभर अडकून बसले, तर ते सोडवणार कोण? म्हणून इथे भोक मुद्दाम माशापेक्षा बारीक ठेवतात. परिणाम असा, की थव्यात जे असेल ते सगळं येतं. अंडी घातलेली मादी आली, न घातलेली आली, पिल्लंही आली. जाळं निवड करत नाही, निवड करायची तर ती जाळं टाकायच्या आधी तांडेलानंच करायची. आणि काळोख्या रात्री, पाण्यावरच्या चमकेवरून, थवा मोठ्या माशांचा की पिल्लांचा हे ओळखणं अवघड असतं. त्या थव्याच्या भरवशावर किनाऱ्यालगत वीस लहान होड्या असतील, तर त्या दिवशी त्यांची जाळी रिकामी राहतात.

यावर महाराष्ट्रात नियम आहेत. मूळ कायदा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम. पुढे डॉ. सोमवंशी समितीनं पर्ससीनचा अभ्यास केला आणि बोटींची संख्या टप्प्याटप्प्यानं १८२ पर्यंत उतरवावी असं सुचवलं. त्यानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारनं आदेश काढला. राज्याच्या हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल (सुमारे २२ किलोमीटर) पर्यंत, पर्ससीन फक्त परवानाधारकांनी नि फक्त १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात चालवायचं. जाळ्याचा आस २५ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. जानेवारीनंतर बाजारातलं गणित बदलतं, त्याचं एक मोठं कारण हे.

पर्ससीनवाल्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. एका बोटीवर तीस घरं चालतात, जाळं नि बोट कर्जावर घेतलेली असते आणि चार महिन्यांत वर्षाचं भागवायचं असतं. म्हणूनच मोह होतो नि नियम मोडले जातात.

दिव्याचा खेळ

सगळ्यात मोठा मोह एलईडी दिव्यांचा. पाण्यावर किंवा पाण्यात प्रखर दिवे सोडले की आधी बारीक जीव उजेडाला जमतात, त्यांना खायला लहान मासे येतात, त्यांच्यामागे मोठे येतात. तास-दोन तासांत विखुरलेली मासळी एका जागी गोळा होते, मग जाळं टाकायचं. थवा शोधत फिरायला नको.

पण यानं निसर्गानं ठेवलेली एक सुटका संपते. विखुरलेल्या माशांना पर्ससीन पकडू शकत नाही, कारण घेरा घालायला थवाच हवा. दिवा तो थवा कृत्रिमपणे तयार करतो, आणि आजूबाजूच्या सगळ्या जातींची पिल्लंही त्यात येतात. म्हणून केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या सागरी क्षेत्रात अशा मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कायदा सुधारून एलईडी मासेमारीला पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत दंड ठेवला.

आपल्या पाटीपर्यंत

आता आपल्या कामाची गोष्ट. पर्ससीनची आणखी एक मर्यादा आहे, जी समुद्रात नाही तर बाजारात कळते : बर्फ. आपल्या उष्ण हवेत एक टन मासळीला साधारण एक टन बर्फ लागतो. बोट चार टन बर्फ घेऊन निघाली आणि एका घेऱ्यात नऊ टन बांगडा आला, तर पाच टनांचं काय? तो माल कमी बर्फात, एकावर एक दाबला जाऊन बंदरात येतो. तिथे एकदम एवढा माल उतरला की लिलावात भाव पडतो. मग रत्नागिरीहून पुण्याला सुमारे तीनशे किलोमीटरचा घाटरस्ता. आपल्याला "आज फार स्वस्त आहे ताई" म्हणून जो माल मिळतो, त्यात असा मालही असू शकतो.

बांगडा, तारली, कुपा या माशांत एक खास धोका असतो. ते वेळेवर थंड झाले नाहीत, तर त्यांच्या मांसात जिवाणूंमुळे हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो एकदा झाला की शिजवून, तळून, सुकवून किंवा लोणचं घालूनही जात नाही. वासावरूनही दर वेळी कळत नाही. असा मासा खाल्ला की थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं, पोट बिघडतं. लोक म्हणतात "मासा बाधला." खाताना जिभेला झिणझिण्या आल्या किंवा मिरीसारखं तिखट लागलं, तर घास थुंकून टाकायचा नि तो मासा कुणालाच वाढायचा नाही. त्रास झाला तर जवळच्या आरोग्य केंद्रात जायचं. श्वास लागत असेल तर एक मिनिटही थांबायचं नाही.

म्हणून ढिगाचा माल घेताना एवढं बघा :

• खोक्यात वरच बर्फ आहे की थराथरात? हात खाली घालून मधला मासा काढा. तो गार हवा.

• बांगड्याचं पोट बघा. पोट फुटलेलं, मऊ पडलेलं असेल तर तो दाबला गेलाय किंवा उशिरा थंड झालाय.

• कल्ले लाल हवेत, डोळे उठावदार. बोटानं दाबलं तर खळगा राहता कामा नये.

• सुकवण्यासाठी "उरलेला, जरा नरम" माल स्वस्तात घेऊ नका. मीठ नि ऊन हिस्टामिन काढू शकत नाहीत. सुकटीलाही ताजाच मासा लागतो.

• बोटभर पिल्लांचा ढीग आला तर आधी विचारा, की हा लहान जातीचाच मासा आहे की मोठ्या जातीचं पिल्लू. राज्यानं २०२३ मध्ये पन्नासहून जास्त जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे. पिल्लू विकलं म्हणजे पुढच्या वर्षीची पाटी आजच विकली.

गटानं मिळून खरेदी करत असाल, तर एक वही ठेवा. तारीख, तिथी, मासा, भाव, माल कसा निघाला, एवढंच लिहा. एक हंगाम असं लिहिलं, की कोणत्या तिथीला माल येतो, कोणत्या दिवशी भाव पडतो आणि कोणत्या व्यापाऱ्याचा बर्फ पुरा असतो, हे तुम्हाला तुमच्याच वहीत दिसेल. मग मोठी खरेदी कधी करायची नि कधी पाटी हलकी ठेवायची, हे गटाच्या बैठकीत बसून ठरवता येईल.